वीस मिनिटांच्या भाषणाची तयारी: अभ्यास, खर्च आणि प्रवास यांतले ऑप्टिमायझेशन

4 जुलै: विषय कापणे

बेळगावातल्या एका पदवी महाविद्यालयाच्या गणित मंडळासाठी ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे मर्यादेत राहून सर्वांत चांगला पर्याय निवडण्यावर, भाषण. वेळ वीस मिनिटे, नंतर दहा मिनिटे प्रश्न. ऐकणारी मुले बीकॉम, बीएस्सी, बीए अशी मिश्र आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडीहून रोज ये-जा करणारी बरीच आहेत, काही चंदगडची, काही कन्नड माध्यमातून आलेली. त्यामुळे फळ्यावर वाक्ये कमी आणि आकडे जास्त ठेवायचे ठरले.

पहिला आराखडा नेहमीचा होता: व्याख्या, चल, मर्यादा, उद्दिष्ट, मग आलेख काढून रेषीय प्रोग्रॅमिंग आणि शेवटी तीन उदाहरणे. तो रद्द केला. आलेख नीट समजवायलाच दहा-बारा मिनिटे जातात. मग उदाहरणांची नुसती नावे घेऊन उठावे लागते, आणि बीएच्या मुलांचे लक्ष पहिल्या असमीकरणालाच उडते.

त्याऐवजी सगळे जण न शिकता वापरतात तो एकच नियम धरला: आत्ता जे सर्वांत फायद्याचे दिसते ते आधी घ्या. अभ्यासाचे तास वाटताना तो बहुतेक वेळा अगदी बरोबर उत्तर देतो. महिन्याचा खर्च ठरवताना मधूनमधून फसवतो. प्रवासात तर चांगलाच दगा देतो. तो कुठे चालतो, कुठे अडतो आणि का, एवढेच भाषणात सांगायचे. प्रत्येक उदाहरणाआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहायचे: ठरवायचे काय आहे, मर्यादा कशाची आहे, आणि वाढवायचे (किंवा कमी करायचे) काय आहे.

7 जुलै: अभ्यासाचा तक्ता

परीक्षेआधी बारा तास हातात आहेत आणि विषय तीन. बारा तासांचे दोन-दोन तासांचे सहा तुकडे केले. तासातासाचा हिशेब घेतला तर तक्ता बारा ओळींचा होतो आणि मागच्या बाकावरून वाचता येत नाही. प्रत्येक विषयात पुढचा एक तुकडा दिला तर अंदाजे किती गुण वाढतील, ते असे घेतले:

| तुकडा | सांख्यिकी | लेखाशास्त्र | इंग्रजी |
|---|---|---|---|
| पहिला | 9 | 6 | 4 |
| दुसरा | 7 | 5 | 2 |
| तिसरा | 5 | 4 | 1 |
| चौथा | 3 | 3 | 1 |
| पाचवा | 2 | 2 | 0 |
| सहावा | 1 | 1 | 0 |

हे आकडे एकूण गुणांचे नाहीत, वाढीचे आहेत. हे तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहिले नाही तर निम्मी मुले "सांख्यिकीत फक्त नऊच गुण?" असे विचारतात आणि पुढची दोन मिनिटे तिथेच जातात.

आता नियम लावायचा. पहिला तुकडा सांख्यिकीला (9), दुसराही तिथेच (7). मग लेखाशास्त्र (6), पुन्हा सांख्यिकी (5), पुन्हा लेखाशास्त्र (5). सहाव्या तुकड्याला बरोबरी होते: लेखाशास्त्राचा तिसरा तुकडा आणि इंग्रजीचा पहिला, दोन्हीकडे 4. कुठेही दिला तरी बेरीज तीच, 36.

तुलनेसाठी मुलांच्या तीन नेहमीच्या पद्धती शेजारी मांडल्या. प्रत्येक विषयाला सारखे दोन तुकडे दिले तर 33. "कच्चा विषय आधी" म्हणून सगळे तास सांख्यिकीला घातले तर 27. आवडीचे म्हणून इंग्रजीच घेऊन बसले तर 8. यातला 27 चा आकडा महत्त्वाचा आहे. कच्च्या विषयाला सगळा वेळ देणे मेहनतीचे वाटते, पण चौथ्या तुकड्यात तिथे जेवढे गुण मिळतात त्याच्या दुप्पट लेखाशास्त्राचा पहिला तुकडा देतो.

10 जुलै: नियम इथे का चालतो, आणि कधी चालत नाही

कारण सांगितल्याशिवाय हे उदाहरण नुसती हातचलाखी वाटते, म्हणून दोन वाक्यांची सिद्धता ठेवली. प्रत्येक स्तंभात आकडे वरून खाली कमी होत जातात आणि सगळे तुकडे सारख्या लांबीचे आहेत. निवडलेल्या तुकड्यांत सर्वांत लहान आकडा एक आणि न निवडलेल्यांत त्याहून मोठा आकडा दुसरा, असे कुठे दिसले तर अदलाबदल करा, बेरीज वाढेल. अशी अदलाबदल करायला जागाच उरली नाही की तेच सर्वोत्तम वाटप.

मुलांच्या हातात पेन देऊन ही अदलाबदल "सारखे वाटप" या 33 च्या उत्तरावर करून घ्यायची. इंग्रजीचा दुसरा तुकडा (2) काढा, सांख्यिकीचा तिसरा (5) घाला, 36 होतात. पुढे अदलाबदलीला काही उरत नाही. एकाच पायरीत नियमाच्या उत्तराला पोचलो हे डोळ्यांसमोर घडते, म्हणून हा भाग कापायचा नाही.

आता अडचण. इंग्रजीच्या जागी एखादे नवे, अवघड प्रकरण ठेवून पाहिले: पहिल्या तुकड्यात 1, दुसऱ्यात 2, आणि तिसऱ्यात 14. पाया तयार होईपर्यंत काहीच हाती लागत नाही आणि मग एकदम आख्खा प्रश्न सुटू लागतो, असा प्रकार. नियम या प्रकरणाला हातच लावत नाही, कारण पहिल्या पायरीवर त्याला फक्त 1 दिसतो. त्याचे उत्तर 36 वरच राहते. पण तीन तुकडे या प्रकरणाला (1 + 2 + 14 = 17) आणि उरलेले तीन सांख्यिकी, सांख्यिकी, लेखाशास्त्र (9 + 7 + 6 = 22) असे दिले तर 39 होतात.

अशी जागा ओळखायची खूण सोपी आहे: स्तंभात खाली जाताना आकडा वाढत असेल तर नियमावर भरवसा ठेवायचा नाही. तिथे सगळा गठ्ठा एकत्र तोलायचा: तीन तुकड्यांना 17, म्हणजे तुकड्याला सरासरी साडेपाचच्या वर. नियमाने घेतलेल्या शेवटच्या तीन तुकड्यांची (5, 5, 4) सरासरी साडेचारच्या आसपास आहे. गठ्ठा सरस ठरला.

उत्तीर्ण होण्याच्या रेषेचेही असेच आहे. एखादा विषय रेषेच्या थोडा खाली असेल तर तिथला एक गुण हा नुसता एक गुण नसतो. ते तक्त्यात गुणांनी दाखवता येत नाही. आधी "हा विषय रेषेच्या वर गेलाच पाहिजे" अशी मर्यादा घालून तेवढे तुकडे बाजूला काढायचे आणि उरलेल्यांवर नियम चालवायचा. हे भाषणात तोंडी सांगायचे, वेगळी स्लाइड नको.

13 जुलै: महिन्याचे हजार रुपये

खोलीभाडे, मेस आणि पास वजा जाता हजार रुपये उरतात असे धरले. इच्छा चार:

- संदर्भपुस्तक, 600 रुपये, उपयोग 66 गुण
- अभ्यासिकेची महिन्याची फी, 500 रुपये, उपयोग 50
- मेस बंद असते त्या रविवार रात्रींचे जेवण, 500 रुपये, उपयोग 50
- टी-शर्ट, 350 रुपये, उपयोग 21

नियम इथे "रुपयाला सर्वांत जास्त उपयोग कुठे" असा होतो. पुस्तकाला रुपयामागे 0.11, अभ्यासिका आणि जेवण यांना 0.10, टी-शर्टला 0.06. म्हणून पुस्तक आधी. उरले 400. त्यात अभ्यासिका बसत नाही, जेवणही नाही. टी-शर्ट बसतो. बेरीज 87, खर्च 950. पुस्तकाला हातच न लावता अभ्यासिका आणि जेवण घेतले तर बरोबर हजार रुपयांत 100 गुण.

अभ्यासाच्या तक्त्यात हे का झाले नाही, तर तिथले तुकडे एकाच मापाचे होते. इथे वस्तू वेगवेगळ्या मापाच्या आहेत आणि अर्ध्या घेता येत नाहीत. पुस्तकाने मागे ठेवलेली 400 रुपयांची फट कोणत्याच चांगल्या वस्तूला पुरत नाही. गणितात याला पिशवीचा प्रश्न म्हणतात. चार वस्तूंतून सोळाच निवडी होतात, त्या हाताने तपासता येतात. वीस वस्तू झाल्या की निवडी 10,48,576 होतात.

"उपयोगाचे गुण आणायचे कुठून?" हा प्रश्न भाषणाची चाचणी घेताना सर्वांत आधी आला, आणि तो रास्त आहे. गुण मनाने टाकायला सांगितले की मुले सगळ्यालाच 80 किंवा 90 देतात. त्यावर उपाय असा केला: जेवणाला 50 धरा आणि बाकी प्रत्येक वस्तूला विचारा, "हे मिळण्यासाठी महिन्यातल्या किती रविवारची जेवणे सोडाल?" दोन रविवार सोडायला तयार असाल तर 25. असे घेतले की आकडे एकमेकांशी जुळलेले येतात.

त्यातही चूक राहतेच, म्हणून उत्तर किती घट्ट आहे ते तपासून दाखवायचे. पुस्तकाचे गुण 66 ऐवजी 70 धरले, 75 धरले, तरी अभ्यासिका आणि जेवणच वर राहतात. पुस्तक आणि टी-शर्ट ही जोडी 100 च्या वर जायला पुस्तकाला 79 पेक्षा जास्त गुण हवेत. म्हणजे अंदाज बराच चुकला तरी निर्णय बदलत नाही. मुलांना हे सांगितले की "नक्की किती गुण" ही चर्चा आपोआप थांबते.

एक गोष्ट इथे हाताशी लागली ती भाषणात ठेवली. हजाराऐवजी अकराशे असते तर पुस्तक आणि अभ्यासिका दोन्ही बसतात आणि गुण 116 होतात. शेवटच्या शंभर रुपयांची किंमत सोळा गुण. तेच पुस्तक जुने, 500 रुपयांत मिळाले तरी हेच 116. टी-शर्टवर शंभर रुपये घासाघीस केली तर उत्तरात काही फरक पडत नाही. म्हणून घासाघीस पुस्तकावर करायची.

15 जुलै: स्प्रेडशीटवर पडताळणी, आणि तिथे काय बिघडते

हाताने काढलेले उत्तर लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तपासले. B स्तंभात किंमत, C मध्ये गुण, D मध्ये निवड (0 किंवा 1). खाली दोन सूत्रे:

```
B7: =SUMPRODUCT(B2:B5;D2:D5)
C7: =SUMPRODUCT(C2:C5;D2:D5)
```

मग `Tools` → `Solver` उघडायचे. `Target cell` मध्ये C7, `Maximum` निवडायचे, `By changing cells` मध्ये D2:D5, आणि मर्यादा दोन: B7 <= 1000 आणि D2:D5 >= 0.

एवढ्यावर `Solve` दाबले तर उत्तर येते: पुस्तक 1.67, बाकी सगळे शून्य, गुण 110. यंत्राला कोणीच सांगितलेले नाही की पुस्तक एकच घ्यायचे आहे. प्रत्येक D ला <= 1 ही मर्यादा घातली की उत्तर बदलते: पुस्तक 1, अभ्यासिका 0.8, गुण 106. (जेवणाचा भाव अभ्यासिकेएवढाच असल्याने 0.8 जेवणाकडेही जाऊ शकते.) अभ्यासिकेची 0.8 फी कोणी घेत नाही. शेवटी D2:D5 साठी `Binary` ही अट लावली की खरे उत्तर मिळते, 0, 1, 1, 0 आणि 100 गुण.

सुरुवातीला ही दोन चुकीची उत्तरे गाळून फक्त शेवटचे दाखवायचे ठरले होते. तो बेत बदलला. 110, 106, 100 असा क्रम दाखवला की मर्यादा लिहायची राहिली तर काय होते ते दिसते. शिवाय 106 चा उपयोगही आहे: तुकडे करायची मुभा असूनही 106 च्या वर जाता येत नाही, तर अख्ख्या वस्तूंनी त्यावर कोणीच जाणार नाही. 100 मिळाल्यावर आणखी शोधण्यात जास्तीत जास्त सहाच गुण आहेत हे आधीच कळते.

18 जुलै: कोल्हापूरला जायचे कसे (पैशांचा भाग)

प्रवासासाठी आधी खानापूर-बेळगाव घेतले होते. ते सोडले, कारण तिथे पर्याय थोडे आणि बहुतेकांचे ठरलेले असतात. बेळगाव-कोल्हापूर चांगले, कारण मध्ये राज्याची सीमा येते आणि तिकिटाचे नियम तिथे बदलतात.

शक्ती योजनेत 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, आंतरराज्य बसला मात्र ही सवलत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. कोल्हापूरच्या वाटेचा बराच मोठा भाग कर्नाटकात आहे. कोगनोळीच्या पुढे कागल आले की महाराष्ट्र.

दोन पर्याय मांडले: थेट एसटी, किंवा निपाणीपर्यंत कर्नाटकची बस आणि तिथे बदलून एसटी. भाडी सरावासाठी गोल धरली आहेत. भाषण करणाऱ्याने त्या आठवड्यातली तिकिटे पाहून आकडे बदलावेत. थेट बस 200 रुपये, त्यातले महाराष्ट्राच्या हद्दीतले 40. निपाणीपर्यंत 115, निपाणी-कोल्हापूर 70, त्यातले महाराष्ट्रातले 40. बदलून गेल्यास अर्धा तास जास्त.

मुलगा असेल तर थेट 200, बदलून 185. पंधरा रुपयांसाठी अर्धा तास, म्हणजे तासाला तीस रुपयांच्या दराने वेळ विकायचा. बेळगावात राहणारी, कर्नाटकचा पत्ता असलेली मुलगी असेल तर थेट 180, बदलून निपाणीपर्यंत शून्य आणि पुढे 50. वाचले 130, म्हणजे तासाला 260. आणि चंदगडहून शिकायला आलेली, आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असलेली मुलगी असेल तर शक्ती लागू नाही: थेट 180, बदलून 165, पुन्हा पंधराच रुपये.

रस्ता तोच, बस त्याच, पण तिघांचे उत्तर एक नाही. "सगळ्यांत स्वस्त" आणि "सगळ्यांत लवकर" हे एकाच वेळी वाढवता किंवा कमी करता येत नाहीत, म्हणून दोन्ही एका मापात आणावे लागतात: तिकीट अधिक (तास × माझ्या तासाची किंमत). त्या दिवशी तासाची किंमत किती ते ज्याने त्याने ठरवायचे. निवांत रविवारी तास 50 रुपयांचा असेल तर पहिला आणि तिसरी थेट जातात, दुसरी निपाणीला उतरते. मुलाखतीच्या दिवशी तास 400 चा असेल तर तिघेही थेट.

20 जुलै: पहिली बस सोडावी का (वेळेचा भाग)

"येईल ती पहिली बस पकडा" हा प्रवासातला नियम. बेळगावच्या सीबीटी या मध्यवर्ती बस स्थानकावर 7:00 ला साधी बस उभी आहे. ती हत्तरगी, संकेश्वर करत 8:50 ला निपाणीत पोचते. 7:10 ला एक्स्प्रेस आहे, ती 8:30 ला पोचते. निपाणीहून कोल्हापूरची एसटी 8:40 ला, त्यानंतरची 9:20 ला, आणि पुढे एक तास. या वेळाही मांडणीसाठी धरलेल्या आहेत.

पहिली बस पकडली तर 8:40 हुकते आणि कोल्हापूर 10:20. दहा मिनिटे थांबून एक्स्प्रेस घेतली तर 9:40. सुरुवातीला दहा मिनिटे घालवून शेवटी चाळीस मिळाली. अभ्यासात एका तुकड्याची निवड दुसऱ्या विषयाच्या तुकड्याला बाधत नव्हती. इथे पहिल्या टप्प्यावर दुसऱ्या टप्प्यातली बस ठरते. म्हणून प्रवासाचा हिशेब उलटा करायचा: कोल्हापूरला किती वाजता हवे, त्यासाठी निपाणीची कोणती बस, त्यासाठी बेळगावहून कोणती.

पहिल्या मसुद्यात भाग इथेच संपत होता. चाचणीत ऐकणाऱ्यांनी लगेच विचारले, "पण एक्स्प्रेस उशिरा आली तर?" त्याशिवाय हे उदाहरण कागदावरचेच राहते, म्हणून जोडले. निपाणीत मोकळी वेळ दहाच मिनिटे आहे. चारातल्या एका दिवशी एक्स्प्रेसला पंधरा मिनिटे उशीर होतो असे धरा. त्या दिवशी 8:40 हुकते आणि 10:20 होतात. सरासरी काढली तर पोचण्याची वेळ 9:50.

परीक्षा 10:00 ला असेल तर 9:50 ची सरासरी बघून निर्धास्त राहणे चूक आहे. सरासरी वेळेला कधीच कोणी पोचत नाही. तीन दिवस 9:40 ला पोचतो आणि एक दिवस पेपर सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी. रोजच्या ये-जा साठी सरासरी वेळ कमी करणे ठीक. परीक्षेच्या दिवशी कमी करायची ती उशीर होण्याची शक्यता, आणि त्यासाठी एक बस आधीची घ्यावी लागते, तिथे जाऊन चाळीस मिनिटे बसावे लागले तरी.

वडापचा पर्याय एकाने सुचवला. तो तोंडी घ्यायचा, तक्त्यात नाही, कारण वडाप भरल्यावर सुटते आणि तिची वेळ लिहिता येत नाही.

24 जुलै: रंगीत तालीम, कापाकाप, छपाई

घड्याळ लावून म्हटले तर भाषण वीस मिनिटांत बसत नाही. सगळा उशीर तक्त्यांपाशी होतो. बोलणारा आकडे वाचून दाखवतो आणि ऐकणारे ते उतरवून घेतात. दोन बदल केले. तक्ता, चार वस्तू आणि बसच्या वेळा एका पानावर छापून आधीच वाटायच्या. आणि प्रत्येक उदाहरणात मुलांना आधी एक मिनिट स्वतः उत्तर काढू द्यायचे, मग सांगायचे. मिनिट जाते, पण समजावण्याचा वेळ त्याहून जास्त वाचतो.

वेळ अशी बसली: प्रस्तावना दोन मिनिटे, अभ्यास सात, खर्च पाच, प्रवास सहा. स्प्रेडशीट फक्त तीन चित्रांत (110, 106, 100) दाखवायची, प्रत्यक्ष चालवायची नाही. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप जुळवण्यात वेळ जातो, आणि 0.8 अभ्यासिका दाखवायला `Solver` ची खिडकी उघडावीच लागते असे नाही.

खर्च: दोघांत एक याप्रमाणे 40 पानांची झेरॉक्स, पानाला दोन रुपये, एकूण 80. फळ्यासाठी दोन रंगांचे खडू मंडळाकडेच होते. पानाच्या मागे कोरा तक्ता छापायचा होता, स्वतःच्या विषयांचे आकडे भरायला. मागची बाजू त्याच दोन रुपयांत होत नाही हे दुकानात आधी विचारून घ्यावे. दोन्ही बाजूंना साडेतीन पडत होते, म्हणून कोरा तक्ता पुढच्याच बाजूला खाली लहान केला.

28 जुलै: भाषणानंतर

अभ्यासाच्या भागात मुलांनी 36 स्वतः काढले. नव्या प्रकरणाचे 39 कोणीच काढले नाही, हवे होते तसेच. खर्चाच्या भागात बहुतेकांनी पुस्तक आणि टी-शर्ट निवडले आणि 87 वर थांबले. तिथे 100 दाखवल्यावर वर्गात सर्वांत जास्त बोलणे झाले, म्हणून पुढच्या वेळी खर्चाला एक मिनिट वाढवून प्रस्तावनेतले काढावे.

प्रश्नांत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळ्या मर्यादा लिहिल्या आणि तरी उत्तर विचित्र आले तर?" उत्तर म्हणून अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलरचा आहाराचा प्रश्न सांगितला. 1945 साली त्यांनी 77 खाद्यपदार्थ आणि नऊ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त आहार शोधला. 1939 च्या भावांनी उत्तर आले 39.93 डॉलर. 1947 मध्ये रेषीय प्रोग्रॅमिंगच्या सिम्प्लेक्स पद्धतीने, हाताने चालणाऱ्या गणकयंत्रांवर 120 मनुष्यदिवस खर्चून अचूक उत्तर काढले ते 39.69 डॉलर. अंदाजी पद्धत फक्त 24 सेंटने चुकली होती. पण स्टिगलरच्या आहारात गव्हाचे पीठ, कोबी, पालक, सुका पांढरा घेवडा आणि आटवलेले दूध, एवढेच होते. हिशेब बरोबर होता. रोज तेच ताट चालणार नाही, ही मर्यादा लिहिलेली नव्हती. उत्तर विचित्र आले की आधी सूत्र तपासू नका, कोणती मर्यादा लिहायची राहिली ते शोधा, एवढे सांगितले.

दुसरा प्रश्न अभ्यासाच्या तक्त्यावर होता: वाढीचे आकडे खरे कसे मिळवायचे? याला सोपा मार्ग आहे, पण तो भाषणात नव्हता. मागच्या वर्षीचा पेपर वेळ लावून सोडवायचा, दोन तास त्या विषयाचा अभ्यास करायचा, आणि त्याच धर्तीचा दुसरा पेपर पुन्हा सोडवायचा. फरक म्हणजे स्तंभातला पहिला आकडा. तोच पेपर पुन्हा वापरायचा नाही, नाहीतर पाठांतराचे गुण अभ्यासाच्या खात्यात जमा होतात. पुढचे आकडे याच उतारावर अंदाजाने भरले तरी चालतात, कारण बारा तासांत सहसा पहिल्या दोन-तीन ओळीच कामाला येतात.

हे भाषण दुसऱ्या गावात करायचे असेल तर अभ्यासाचा तक्ता आणि चार वस्तू तशाच ठेवा. प्रवासाचे उदाहरण मात्र तिथले घ्या. अथणीकडच्या मुलांना मिरज आणि सांगली जवळची, त्यामुळे बस कुठे बदलायची आणि कोणत्या हद्दीत कोणाला सवलत, हे दोन्ही तिथे वेगळे येईल. आकडे घेताना शक्ती आणि अर्ध्या तिकिटाचे नियम त्या आठवड्यात बस स्थानकावर विचारून घ्या.